या चुका टाळा: अमेरिकेत अंड्यांच्या खोक्यावरील लेबले वाचताना

अमेरिकेत राहणारा मराठी माणूस खोक्यावर 'केज-फ्री' हे शब्द वाचतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर अंगणात माती उकरणारी गावठी कोंबडी उभी राहते, आणि पहिली चूक तिथेच होते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या व्याख्येनुसार या शब्दाचा अर्थ एवढाच, की कोंबडी पिंजऱ्यात नाही. ती शेडमध्ये फिरू शकते आणि तिथे तिला बसायला दांडी, अंडी घालायला आडोसा व उकरायला जागा मिळते. हजारो कोंबड्यांच्या गर्दीत तिने जन्मभर ऊन पाहिले नाही, तरी लेबल खोटे ठरत नाही.

दुसरी चूक 'फ्री-रेंज' म्हणजे दिवसभर बाहेर चरणे असे समजण्याची आहे. येथे हमी बाहेर जाण्याच्या सोयीची असते, कोंबडी प्रत्यक्ष बाहेर गेल्याची नव्हे. दार किती रुंद असावे आणि अंगण किती मोठे असावे, हे ही व्याख्या सांगत नाही. दारे मोजकी असतील, तर आतल्या बाजूच्या बऱ्याच कोंबड्या तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून खोक्यावर स्वतंत्र प्रमाणपत्राचा शिक्का आहे का, ते पाहावे. उदाहरणार्थ, 'सर्टिफाइड ह्यूमेन' या प्रमाणपत्रात 'फ्री-रेंज'साठी दर कोंबडीमागे बाहेर किमान २ चौरस फूट, तर 'पाश्चर-रेज्ड'साठी १०८ चौरस फूट जागा लागते. वीस हजार कोंबड्यांचा हिशेब मांडला, तर पहिल्या प्रकारात ४०,००० चौरस फूट, म्हणजे एक एकरही भरत नाही. दुसऱ्यात जवळजवळ ५० एकर लागतात. शिक्का एकाच संस्थेचा असला, तरी शेजारचा शब्द वाचल्याशिवाय हा फरक कळत नाही.

'ऑरगॅनिक' हा शब्द मुख्यतः खाद्याविषयी बोलतो: खाद्य सेंद्रिय असावे आणि कोंबडीला प्रतिजैविके देऊ नयेत. पिंजरे त्यातही चालत नाहीत आणि बाहेर जाण्याची सोय आवश्यक असते; परंतु अनेक मोठ्या फार्मनी जाळी लावलेला, छप्पर असलेला व्हरांडाच 'बाहेर' म्हणून दाखवला. जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनी ही पळवाट बंद केली खरी, पण आधीच प्रमाणित असलेल्या फार्मना बाहेरच्या जागेच्या प्रमुख अटी पूर्ण करण्यासाठी २ जानेवारी २०२९ पर्यंत मुदत आहे, त्यामुळे तोवर या एका शब्दावरून अंगणाचा अंदाज बांधू नये.

'हार्मोन नाहीत' या ओळीसाठी जास्त पैसे मोजणे तर निव्वळ व्यर्थ आहे, कारण अमेरिकेत कोणत्याही कोंबडीला हार्मोन देण्यास परवानगीच नाही. उलट, ग्राहकाने सहसा न विचारलेली गोष्ट म्हणजे चोच: तिचे टोक छाटण्यावर 'केज-फ्री', 'फ्री-रेंज' किंवा 'ऑरगॅनिक' यांपैकी एकही लेबल सरसकट बंदी घालत नाही.