महिना ओलांडणाऱ्या पेशंटचे बेड-दिवस

पुण्यातल्या आमच्या २० खाटांच्या हॉस्पिटलात जूनची ऑक्युपन्सी दरवेळी फुगायची. कारण साधं होतं: २८ मेला ॲडमिट होऊन ४ जूनला डिस्चार्ज झालेल्या पेशंटचे सातही दिवस जूनमध्ये धरले जात. जूनचे खरे तीनच.

एक्सेलमध्ये B ला ॲडमिशन, C ला डिस्चार्जची तारीख ठेवा. F1 मध्ये १ जून, F2 मध्ये १ जुलै (३० जून नव्हे, नाहीतर शेवटची रात्र गळते).

```
=MAX(0,MIN(IF(C2="",$F$2,C2),$F$2)-MAX(B2,$F$1))
```

२७ जूनला आलेला, अजून वॉर्डातच असलेला पेशंट यात आपोआप ४ दिवस धरतो. उत्तराऐवजी तारीख दिसली तर सेलचा फॉरमॅट 'नंबर' करा.

बेरीज ४३२ आली, तर ४३२ ÷ (२० × ३०) = ७२ टक्के.

सरासरी मुक्कामाला मात्र हे कापलेले दिवस वापरू नका. तिथे जूनमध्ये डिस्चार्ज झालेल्यांचाच पूर्ण मुक्काम घ्या, म्हणजे वरच्या पेशंटचे सातच. ९६ डिस्चार्ज, ३८४ दिवस, सरासरी ४.

सकाळी येऊन संध्याकाळी घरी गेलेला पेशंट इथे शून्य दिवसांचा ठरतो. मुक्कामात त्याला १ धरायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. काय धरलंय ते शीटवरच लिहून ठेवा.