६५ वॅटचा चार्जर लावला, तरी कन्सोलची बॅटरी उतरते कशी?

दिवाळीत भाचा नागपूरला आला तो स्टीम डेक, म्हणजे हातात धरून खेळायचा गेमिंग कन्सोल, घेऊन, पण त्याचा चार्जर पुण्यातच विसरला. मी माझ्या फोनचा चार्जर दिला. तासाभराने तो म्हणाला, "मामा, चार्जिंगची खूण तर दिसते, पण ८० टक्क्यांवरून ५५ वर आली!"

चार्जरवर '६५ वॅट' ठळक छापलेलं होतं. ते खोटंही नव्हतं, पण तो वेग फक्त त्याच कंपनीच्या फोनसाठी, तिच्या स्वतःच्या पद्धतीने मिळतो. अनोळखी उपकरण लागलं की असा चार्जर साध्या ५ व्होल्टवर येतो. आमच्याकडे १० वॅटच्या आसपास मिळत होते आणि गेम खात होता २० वॅट. डेकच्या जुन्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-तासांची, म्हणजे तासाला १० वॅटची तूट आली की २५ टक्के गेलेच.

डेकला ४५ वॅट लागतात. ते ५ व्होल्टवर द्यायचे तर केबलमधून ९ अँपिअर जावे लागतील, आणि बारीक तार तेवढ्याने तापते. १५ व्होल्टवर मात्र ३ अँपिअर पुरतात. पण न विचारता १५ व्होल्ट सोडले तर साधं उपकरण जळेल. म्हणून पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी चार्जर, टाइप-सीतल्या एका वेगळ्या तारेवरून आधी आपल्याकडे काय आहे ते सांगतो, उपकरण त्यातलं एक मागतं, आणि मगच व्होल्टेज चढतं. बोलणं जमलं नाही तर ५ व्होल्टच.

आता चार्जर कसा तपासायचा? पुढचा मोठा आकडा सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. मोबाइलच्या टॉर्चखाली धरा. 'Output' पुढे `15V⎓3A` दिसलं पाहिजे. नुसतं `5V` आणि `9V` असेल तर डेक हळू चार्ज होईल. मोठा, १०० वॅटचा पीडी चार्जर बिनधास्त लावा, उपकरण हवं तेवढंच ओढतं.

मग केबल बघा. दोन्ही टोकं टाइप-सी हवीत. एक टोक जुनं, चपटं यूएसबी असेल तर पीडीचं बोलणं होत नाही, कारण त्या टोकाला ती तारच नसते. आमची केबल नेमकी तशीच होती.

नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानदार "फास्ट चार्जर आहे भाऊ" म्हणून काहीही पुढे करतो. तिथेच लेबल वाचा, आणि डेक सोबत असेल तर लावूनच बघा. चार्जर कमी पडला तर पडद्यावर तशी सूचना येते. दोन पोर्टवाला घेणार असाल तर दुसऱ्या पोर्टला फोन लावूनही बघा. दोन्ही पोर्ट वापरात आले की वॅट वाटले जातात, आणि ६५ चा चार्जर डेकला ४५ देईलच असं नाही. आम्ही शेवटी एकच पोर्टवाला घेतला. रात्री गेम चालू असतानाही टक्के वर चढत होते.