पायलटमध्ये पात्राचा आर्क संपवायचा नसतो: माझा अनुभव

फेलोशिपसाठी मी एका मालिकेचा एका तासाचा पायलट, म्हणजे पहिला भाग, लिहिला. त्याची नायिका मीरा ही अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या इमिग्रेशन कोर्टात दुभाषी आहे. समोरचा बोलेल तेवढंच सांगायचं, हा तिचा नियम. पहिल्या खर्ड्यात शेवटी तिला अन्याय उमगतो आणि ती नोकरी सोडते. वाचून मैत्रिणीने विचारलं, "मग दुसऱ्या भागात काय?" खरंच, सिनेमाला चाललं असतं ते. तिथे पात्राचा आर्क, म्हणजे बदलत जाण्याचा प्रवास, शेवटी संपतो; मालिकेत तो पुढच्या भागांसाठी उरायला हवा.

राजीनामा काढला आणि एकच पेच तीनदा लिहिला. पान ५वर मीरा एका साक्षीदाराचं उघड खोटं शब्दशः पोचवते. पान ३०च्या आसपास एका बाईचं वाक्य तिच्यावरच उलटणार हे मीराला दिसतं, तरी ती तेच सांगते. बाईचा अर्ज फेटाळला जातो. शेवटी मीरा भाषांतर करताना मुद्दाम एक तारीख बदलते. नोकरी तीच, पण आता पकडलं जायची भीती कायमची.

मग मीराचे संवाद झाकून नुसत्या कृती वाचल्या. पहिला आणि मधला प्रसंग सारखेच वाटले. म्हणून मधल्या प्रसंगात आता न्यायाधीश मीराला ते वाक्य पुन्हा सांगायला लावतात. बदलायची संधी मिळूनही ती बदलत नाही, त्यामुळे शेवटच्या तारखेला वजन आलं.