छोट्या रीरँकरला गुण नव्हे, गुणांतला फरक शिकवा

रीरँकर म्हणजे शोधात सापडलेल्या उताऱ्यांना गुण देऊन त्यांची नव्याने क्रमवारी लावणारं मॉडेल. जड क्रॉस-एन्कोडरचं, म्हणजे शिक्षकाचं, ज्ञान दोन-चार लेयरच्या छोट्या विद्यार्थी मॉडेलमध्ये उतरवताना अनेकजण शिक्षकाचा गुण जसाच्या तसा गिरवायला लावतात. पण क्रमवारीसाठी महत्त्वाचं असतं ते कुठला उतारा दुसऱ्यापेक्षा किती सरस, एवढंच.

समजा, शिक्षकाने एका प्रश्नासाठी योग्य उताऱ्याला 9.2 आणि चुकीच्याला 6.1 दिले, म्हणजे फरक 3.1. विद्यार्थ्याने 2.4 आणि -0.5 दिले तर फरक 2.9. आकडे वेगळे, पण काम जवळपास बरोबर. दोन फरकांमधल्या तफावतीचा वर्ग फक्त 0.04. यालाच मार्जिन-एमएसई म्हणतात; खाली s विद्यार्थ्याचे गुण, t शिक्षकाचे:

```python
loss = F.mse_loss(s_pos - s_neg, t_pos - t_neg)
```

इथे शिक्षकाचे कच्चे लॉजिटच घ्या. सिग्मॉइड लावलंत तर 9.2 चे 0.9999 आणि 6.1 चे 0.998 होतात, आणि शिकवण्यासारखा फरकच उरत नाही. ट्रेनिंगमध्ये लॉस पहिल्यापासूनच संशयास्पद लहान दिसला, तर आधी हेच तपासा.

चुकीचे उतारे यादृच्छिक निवडू नका. तुमच्या शोधाचा पहिला टप्पा, मग तो बीएम25 असो वा व्हेक्टर सर्च, जे पहिले शंभर आणतो त्यातूनच घ्या. प्रत्यक्षात विद्यार्थ्याला त्यांच्यातच निवड करायची आहे. काही जोड्यांत शिक्षकाचा फरक उणे येईल. त्या गाळू नका! बऱ्याचदा तिथे लेबलच अपुरं असतं, उत्तर दुसऱ्या उताऱ्यातही असतं.

शिक्षकाचे गुण एकदाच काढून डिस्कवर ठेवा. शेवटी शिक्षक आणि विद्यार्थी दोघांना त्याच शंभर उताऱ्यांवर चालवून nDCG@10, म्हणजे पहिल्या दहा निकालांच्या क्रमवारीचा दर्जा, पडताळा; लांबलचक प्रश्नांसाठी तो वेगळा मोजा. छोटं मॉडेल बहुधा तिथेच अडखळतं.