कॉमेंट्रीतून सामन्याचा अहवाल काढताना

देवगड-मालवणकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत कॉमेंटेटर प्रत्येक षटकाराला सारखाच ओरडतो, मधेच बक्षिसंही जाहीर करतो. म्हणून लिहून घेतलेल्या कॉमेंट्रीत आवेशाची वाक्यं शोधू नका. आधी फक्त षटक संपताना सांगितलेला स्कोअर काढा आणि पुढे 'किती चेंडूंत किती हव्यात' ते लिहा.

समजा, 8 षटकांत 81 हव्यात. पाचव्या षटकाअखेर 2 बाद 52, म्हणजे 18 चेंडूंत 29. सहाव्यात 3 धावा, 2 विकेट. आता 12 चेंडूंत 26. सातव्यात दोन षटकारांसह 14 आल्या, मैदान डोक्यावर घेतलं. पण षटकामागे लागणाऱ्या धावा 13 वरून 12 वरच आल्या. शेवटच्या षटकात 8, सामना 3 धावांनी गेला.

कलाटणी सहाव्या षटकात. अहवालाचं पहिलं वाक्य त्याचंच, षटकारांना अर्धी ओळ पुरे. सहाव्यातल्या चेंडूंचं वर्णन मात्र कॉमेंट्रीतून नीट वाचून घ्या.

षटकांच्या धावांची बेरीज अंतिम स्कोअरशी जुळत नसेल, तर बहुधा वाइड किंवा नो बॉल निसटलेला असतो. तेव्हा स्कोअररची वही बघा.