वेडिंग प्लॅनर आणि फोटोग्राफर: एकमेकांकडे पार्टी पाठवण्याचा व्यवहार कसा ठरवावा

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची गर्दी सुरू होते आणि बोलायला कुणालाच सवड नसते. म्हणून पार्टी, म्हणजे लग्नाचं गिऱ्हाईक, पाठवल्याबद्दल द्यायच्या कमिशनचा हा व्यवहार त्याआधी, पावसाळ्यात ठरवा.

आधी एकमेकांचं काम बघा. साखरपुड्यासारखा एखादा छोटा कार्यक्रम बरोबर करा. फोटोग्राफरच्या निवडक फोटोंपेक्षा एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागा आणि तो किती दिवसांत दिला ते विचारा. अल्बम रखडला की घरचे फोन प्लॅनरलाच करतात.

मग पार्टी कुणाची, हे ठरवा. भांडणं इथेच होतात. समजा, पन्हाळ्यावर प्री-वेडिंग करायला आलेल्या जोडप्याला फोटोग्राफरने प्लॅनरचं नाव सांगितलं, पण मुलीच्या मावशीनेही तेच सांगितलं होतं. यावर उपाय साधा आहे. पार्टीला विचारून त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर नाव, लग्नाची तारीख आणि कार्यालय कळवायचं. समोरच्याने ‘नवीन’ किंवा ‘आधीच बोलणं झालंय’ असं एका दिवसात उत्तर द्यायचं. ही नोंद ९० दिवस धरा. नोंद नसेल तर पैसे मागायचे नाहीत.

टक्केवारी पूर्ण पॅकेजवर लावू नका. समजा पॅकेज १,२०,००० रुपयांचं आहे. त्यातले ३०,००० अल्बमची छपाई आणि ड्रोनच्या भाड्यात जातात. उरलेल्या ९०,००० वर १० टक्के म्हणजे ९,००० रुपये. पूर्ण रकमेवर हेच १२,००० झाले असते. ते वरचे ३,००० फोटोग्राफर कुठून तरी काढणारच, बहुतेक वेळा दुसरा कॅमेरामन कमी करून.

पैसे कधी द्यायचे, हेही आधीच बोला. ॲडव्हान्स आल्या आल्या दिले आणि लग्न मोडलं, तर परत मागताना संबंध बिघडतात. शेवटच्या हप्त्यापर्यंत थांबलं, तर घरच्यांनी अल्बमचे फोटो निवडेपर्यंत महिने जातात. त्यामुळे जेवढी वसुली तेवढा हिस्सा द्यावा. लग्नाच्या दिवसापर्यंत १,२०,००० पैकी ९०,००० जमा झाले, तर त्या आठवड्यात ६,७५० द्यायचे. उरलेले २,२५० बाकी वसूल झाल्यावर. ही रक्कम कमिशन म्हणून बिलावर, बँकेतूनच द्या-घ्या. घेणाऱ्याची जीएसटी नोंदणी असेल तर त्यावर १८ टक्के कर लागतो, तो दरात धरला आहे की वेगळा, हे लिहून ठेवा.

पार्टीपासून हे लपवू नका. “यांच्याकडून आम्हाला कमिशन मिळतं, तुम्ही दुसरेही दोन बघा,” असं स्पष्ट सांगा आणि खरोखरच आणखी दोन नावं द्या. नंतर दुसरीकडून कळलं, तर त्या घरातलं पुढचं लग्न तुमच्याकडे येत नाही.

हंगाम संपल्यावर नोंदी समोर ठेवून बसा. प्लॅनरने सहा पार्ट्या पाठवल्या आणि उलट एकच आली, तर तेवढ्यावरून रागावू नका. पुष्कळ घरांत प्लॅनर ठेवतच नाहीत, फोटोग्राफर मात्र लागतोच. पाठवलेल्यांपैकी किती ठरल्या ते बघा. सहापैकी एकच ठरली असेल, तर त्या पाच घरांना फोन करून कारण विचारा. दर जास्त वाटला असेल तर पार्टी पाठवण्याआधी बजेट विचारत जा. फोन उचलला नाही असं कळलं, तर जोडीदार बदला.