खान्देशच्या उन्हाळ्यात पहिला सावरडो ब्रेड : सोमवार ते रविवार

सावरडो म्हणजे बाजारचं यीस्ट न घालता, घरी आंबवलेल्या पिठाने फुगवलेला ब्रेड. त्याच्या बहुतेक कृती थंड हवेत लिहिलेल्या असतात. जळगावात मार्चअखेरीस स्वयंपाकघरात ३२ अंश असताना त्यातले तास पाळले, तर पीठ हातातून जातं. म्हणून इथे घड्याळापेक्षा बरणीवरची खूण महत्त्वाची. उदाहरणासाठी एक निवृत्त शिक्षिका घेऊ. ओव्हन घरी आहे, वेळ आहे, आणि रोजची नोंद वहीत ठेवायची सवय जुनीच आहे.

सोमवारी संध्याकाळी बाई काचेच्या बरणीत ५० ग्रॅम चक्कीची कणीक आणि ५० ग्रॅम पाणी कालवतात. हेच मिश्रण पुढे स्टार्टर, म्हणजे ब्रेडचं विरजण होतं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल, तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरावं. बरणीला रबरबँड लावून पिठाची पातळी खुणावायची आणि झाकण सैल ठेवायचं.

मंगळवारी मिश्रण फसफसून वर येतं आणि कुबट वास मारतं. पहिल्या खेपेला फसगत होते ती इथे. हा फुगवटा यीस्टचा नसतो, पिठातल्या इतर जिवाणूंनी केलेल्या वायूचा असतो. याने ब्रेड फुगत नाही. बिबड्यांसाठी ज्वारी आंबवणाऱ्या घरात आंबण्याचा वास नवा नाही, पण या टप्प्याचा वास त्याहून घाण असतो. तरी बरणी फेकू नये. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, अथवा लव असलेली बुरशी धरली, तरच सगळं टाकून नव्याने सुरुवात करावी.

बुधवारी-गुरुवारी बरणी गप्प होते. आंबटपणा वाढला की ते जिवाणू मागे पडतात आणि आंबटपणा सोसणारं यीस्ट सावकाश वाढू लागतं. या दोन दिवसांत घाई करून वारंवार पीठ घातलं, तर आंबटपणा पातळ होतो आणि काम लांबतं. दिवसातून एकदाच ५० ग्रॅम मिश्रण ठेवून त्यात ५० ग्रॅम कणीक आणि ५० ग्रॅम पाणी घालावं, बाकीचं काढून टाकावं. शुक्रवारी वास ताकासारखा आंबूस झाला आणि बुडबुडे दिसले, की सकाळ-संध्याकाळ २० ग्रॅममध्ये ५०-५० ग्रॅम घालायचं. उन्हाळ्यात कमी विरजण आणि जास्त पीठ हे प्रमाणच चालतं, नाहीतर दुपारपर्यंत ते भुकेने खाली बसतं. चार-पाच तासांत दुप्पट झालं तरच शनिवारी मळायचं. न झाल्यास आणखी दोन दिवस हेच करावं.

शनिवारी सकाळी सातला बाई २० ग्रॅममध्ये ५०-५० घालतात. दहाला ३०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम कणीक आणि २७० ग्रॅम पाणी एकत्र करून झाकतात. पाणी फ्रिजमधलं घ्यावं, म्हणजे गोळा ३० अंशांच्या आत राहतो. नुसत्या चक्कीच्या कणकेचा पहिला ब्रेड चपटा होण्याची शक्यता जास्त, म्हणून मैदा. अकराला त्यात ८० ग्रॅम स्टार्टर आणि ८ ग्रॅम मीठ मिसळतात. मग दर अर्ध्या तासाने तीनदा, ओल्या हाताने कडा ओढून मध्ये दुमडतात. तिसऱ्या वेळी कड मांड्याच्या पिठासारखी न तुटता ताणली गेली पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक काम. पिठाचा लहान तुकडा सरळ काठाच्या ग्लासात दाबून खूण करावी आणि ग्लास पातेल्याशेजारीच ठेवावा. तुकडा दीडपट झाला, की थांबायचं. ३२ अंशांत हे साधारण चार तासांत होतं. दुप्पट होण्याची वाट पाहू नये, कारण गरम गोळा फ्रिजमध्येही बराच वेळ फुगत राहतो. हलका गोळा करून २० मिनिटं ठेवावा, मग घट्ट वळून, तांदळाचं पीठ भुरभुरलेल्या कापडावर वाडग्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा.

रविवारी सकाळी सहाला ओव्हन आणि आत पालथं जाड स्टीलचं पातेलं २३० अंशांवर अर्धा तास तापवावं. गोळा ट्रेवर उलटून, ब्लेडने अर्धा इंच खोल चीर देऊन पातेल्याखाली सरकवावा. कोंडलेल्या वाफेने साल मऊ राहते आणि ब्रेड वर येतो. २० मिनिटांनी पातेलं काढून २१० अंशांवर आणखी २० ते २५ मिनिटं, गडद तपकिरी होईपर्यंत भाजावं. बूड करपत असेल, तर खाली दुसरा ट्रे सरकवावा.

जाळीवर दोन तास ठेवून मगच कापावा, आधी कापल्यास आतून चिकट लागतो. गाभ्यात मोठी भोकं आणि त्यांच्याभोवती दाट थर असेल, तर पीठ कमी आंबलं होतं. ब्रेड चपटा, चीर न उघडलेली आणि गोळा ट्रेवर पसरलेला असेल, तर जास्त आंबलं. खान्देशात बहुधा दुसरंच होतं. पुढच्या वेळी ग्लासातला तुकडा दीडपट होण्याच्या थोडं आधीच थांबावं. उरलेल्या ४० ग्रॅम स्टार्टरला ५०-५० ग्रॅम कणीक-पाणी घालावं, तासाभराने फ्रिजमध्ये ठेवावं आणि आठवड्यातून एकदा पीठ घालत राहावं.